मथळे नसलेल्या लांब प्रकरणाचे भाग कसे पाडावेत: छायाचित्रांवरून काम करणाऱ्या नवख्यांसाठी

कोल्हापूरच्या शाहूपुरीतील एका जुन्या घरात २०१९ च्या महापुराचे पाणी शिरले तेव्हा माळ्यावर नेण्याच्या घाईत एक पेटी खालीच राहिली. त्या पेटीत शेती आणि व्यापारावरचे एक जुने मराठी पुस्तक होते. पाणी ओसरल्यावर ते वाळवले गेले, तरी काही पाने एकमेकांना चिकटून बसली होती. या पुस्तकातील गुळावरचे प्रकरण माझ्या भाचीने मोबाइलवर छायाचित्रे काढून माझ्याकडे आणले. प्रकरण पृष्ठ ४७ ते ८२ असे छत्तीस पानांचे होते आणि त्यात सुरुवातीच्या नावाखेरीज एकही मथळा नव्हता. ज्याला केवळ गुऱ्हाळाची माहिती हवी आहे किंवा केवळ अडतीच्या व्यवहाराची, त्याने छत्तीस पाने का चाळावीत, म्हणून या प्रकरणाचे विषयवार भाग पाडून प्रत्येक भागाला मथळा आणि चार ओळींचा सारांश द्यायचे आम्ही ठरवले. त्या कामात ज्या क्रमाने गेलो तोच क्रम येथे दिला आहे. बहुतेक चुका सारांश लिहिताना होत नाहीत, त्या भागाची सीमा कोठे मानावी हे ठरवताना होतात, आणि त्यांतील काही तर वाचायला बसण्याआधीच होऊन गेलेल्या असतात. म्हणून सीमेच्या प्रश्नाला येथे जास्त जागा दिली आहे.

आधी पाने मोजा

पुस्तक उघडल्यावर सम क्रमांकाचे पान डावीकडे आणि विषम क्रमांकाचे उजवीकडे येते. भाचीने समोरासमोरची दोन पाने एका छायाचित्रात घेतली होती. पृष्ठ ४७ हे उजवीकडचे, म्हणजे पहिल्या छायाचित्रात ४६ आणि ४७ यायला हवीत, आणि पृष्ठ ८२ डावीकडचे, म्हणजे शेवटच्या छायाचित्रात ८२ आणि ८३. या हिशेबाने एकूण एकोणीस छायाचित्रे व्हायला हवी होती. आली अठराच. छत्तीस पाने म्हणजे अठरा जोड्या, असा वरवरचा हिशेब केला असता तर काही कमी आहे असे वाटलेच नसते. प्रकरण उजव्या पानावर सुरू होऊन डाव्या पानावर संपत असल्याने एक जोडी जास्त लागते, हे प्रत्येक नवख्याने लक्षात ठेवावे.

म्हणून पहिले काम हे की प्रत्येक छायाचित्राला त्यावर छापलेल्या पृष्ठांकांचेच नाव द्यावे. मोबाइलने दिलेले तारीख आणि वेळेचे लांबलचक नाव तसेच ठेवू नये आणि स्वतःचा १, २, ३ असा क्रमही लावू नये, कारण स्वतः लावलेल्या क्रमात गळलेले पान कधीच दिसत नाही. आम्ही नावे अशी दिली:

```
046-047.jpg
048-049.jpg
050-051.jpg
```

नावे देत गेलो आणि `060-061.jpg` नंतर एकदम `064-065.jpg` आले. पृष्ठ ६२ आणि ६३ यांचे छायाचित्रच नव्हते. त्या ठिकाणची पाने पुराच्या ओलीने चिकटली होती आणि छायाचित्र काढताना दोन पाने एकत्रच उलटली गेली होती.

हे आधी सापडले नसते तर काय झाले असते, हे आम्ही नंतर मुद्दाम पाहिले. भाचीने नावे देण्यापूर्वीच एकदा सगळे चाळून पेन्सिलीने काही खुणा केल्या होत्या आणि पृष्ठ ६१ च्या शेवटी तिची ठळक रेघ होती. “मामा, इथं विषयच बदललाय की,” असे तिचे म्हणणे होते. बदललेला दिसतच होता. पृष्ठ ६१ चे शेवटचे शब्द होते, “मळी वर येताच गुळव्या झाऱ्याने ती”, आणि त्यानंतर हाताशी असलेल्या पृष्ठ ६४ ची सुरुवात होती, “साठवणुकीस कोरडी जागा लागते.” उकळत्या काहिलीवरून एकदम साठवणुकीवर उडी पडली होती, पण ती लेखकाची नव्हती. ती गळलेल्या पानाची होती. यावरून असा नियम करावा की ज्या ठिकाणी विषयाची सीमा पानाच्या अगदी शेवटी येते, तेथे प्रथम पान गळले आहे का हे पाहावे. त्यासाठी एका पानाची शेवटची ओळ आणि पुढच्या पानाची पहिली ओळ एका दमात मोठ्याने वाचावी. वाक्य जुळले नाही तर विषयाचा विचार तेथेच थांबवून पुस्तकाकडे परत जावे. आम्ही परत गेलो. चिकटलेली पाने ओढली नाहीत, ती एका कोपऱ्याकडून जेवढी सहज सुटतील तेवढीच हळूहळू सोडवली आणि छायाचित्र घेतले.

याच टप्प्यावर प्रत्येक जोडछायाचित्र मधोमध कापून एका पानाची एक प्रत करावी. बांधणीजवळच्या भागात सावली पडून ओळींची शेवटची अक्षरे बुजलेली असतील तर ते पान पुन्हा घ्यावे, कारण परिच्छेद कोठे संपतो हे त्या शेवटच्या अक्षरांवरच कळते. संगणकावर शब्द शोधता यावेत म्हणून ज्यांना छायाचित्रातून मजकूर काढून घ्यायचा असेल त्यांनी तो टेसरॅक्ट या मजकूर ओळखणाऱ्या प्रणालीने कापलेल्या एकेका पानावरूनच काढावा:

```
tesseract 061.jpg 061 -l mar
```

जोडछायाचित्र तसेच दिले तर कित्येकदा डाव्या पानाची ओळ उजव्या पानाच्या ओळीला जोडली जाते आणि दोन विषय एकमेकांत मिसळतात. असा काढलेला मजकूर शोधण्यापुरताच वापरावा. नव्या परिच्छेदाची सुरुवात दाखवणारी ओळीआधीची मोकळी जागा त्यात बहुधा हरवते, म्हणून सीमा ठरवताना डोळ्यांसमोर छायाचित्रच असावे.

परिच्छेदांची नोंदवही

मथळे नसलेल्या प्रकरणात परिच्छेद हेच आपले एकक असते. प्रत्येक परिच्छेदाला तो ज्या पानावर सुरू होतो त्या पानाचा आणि त्या पानावरील त्याचा क्रमांक द्यावा. पृष्ठ ५५ वर सुरू होणारा तिसरा परिच्छेद म्हणजे ५५.३. मागच्या पानावरून वाहत आलेला तुकडा पुढच्या पानाच्या माथ्यावर दिसतो, पण तो त्या पानाचा पहिला परिच्छेद धरू नये. ही गफलत फार होते, आणि एकदा झाली की सगळे क्रमांक एकेकाने सरकतात.

मग प्रत्येक परिच्छेदासमोर एकच ओळ लिहायची. ती कशाबद्दल लिहायची, यावर सगळे काम अवलंबून आहे. बहुतेक जण परिच्छेद “कशाविषयी आहे” ते लिहितात. आमच्या प्रकरणात तसे केले तर प्रत्येक ओळीत “गूळ” आणि “ऊस” हेच शब्द येतात आणि छत्तीस पाने एकाच विषयाची दिसतात. त्याऐवजी परिच्छेद कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो तो प्रश्न लिहावा. नोंदवहीतील काही ओळी अशा होत्या:

५४.२ — ऊस पक्व झाला हे कशावरून ओळखावे?
५५.१ — तोडणी कोणत्या महिन्यांत करावी?
५५.३ — तोडल्यावर किती वेळात गाळावा, आणि का?
५६.१ — चरक कसा असतो?
५८.२ — काहिलीखाली जाळ कसा ठेवावा?

वाचतानाच सीमा पाडण्याचा मोह आवरावा आणि पूर्ण प्रकरणाच्या ओळी लिहून होईपर्यंत एकही रेघ मारू नये. पृष्ठ ५६ वाचताना जो बदल मोठा वाटतो तो पृष्ठ ७८ वाचल्यावर लहान वाटू शकतो. भागांचा आकार एकमेकांशी तुलना करूनच ठरतो.

नोंदी करताना जुन्या लेखनपद्धतीचेही भान ठेवावे लागते. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वी छापलेल्या पुस्तकांत “घरांत”, “रसांत”, “कांहीं”, “नांव” असे अनुस्वार सर्रास दिलेले असतात. तेथे “गुऱ्हाळांत” याचा अर्थ एका गुऱ्हाळात असाही असतो. आजच्या सवयीने तो अनेकवचनी वाचला तर लेखक एका ठिकाणची हकिगत सांगत आहे की सगळ्या गुऱ्हाळांची रीत, हेच उलटे होते, आणि मग एक उदाहरण हा स्वतंत्र विषय वाटू लागतो.

सीमा कोठे मानावी

ओळी लिहून झाल्या की प्रश्नांचा स्तंभ वरपासून खालपर्यंत वाचावा. सलग काही प्रश्न एका मोठ्या प्रश्नाच्या पोटात बसतात. ५४.२, ५५.१ आणि ५५.३ हे तिन्ही प्रश्न “शेतात उसाचे काय काय करावे” या प्रश्नाचे आहेत, तर ५६.१ पासून “रसाचा गूळ कसा होतो” हा मोठा प्रश्न सुरू होतो. मोठा प्रश्न जेथे बदलतो तेथे हलक्या हाताने रेघ मारावी. या रेघा अजून कच्च्याच असतात. त्या पक्क्या करण्याआधी दोन-तीन बाजूंनी तपासाव्यात.

पहिली तपासणी शब्दांची. रेघेच्या वरच्या तीन परिच्छेदांतील महत्त्वाची नामे एका बाजूला आणि खालच्या तीन परिच्छेदांतील दुसऱ्या बाजूला लिहावीत. सर्व प्रकरणभर येणारे शब्द, म्हणजे येथे “गूळ” आणि “ऊस”, सरळ वगळावेत. ५५ आणि ५६ यांमधील रेघेवर हे केले तेव्हा वर जमीन, पाट, पाचट, कोयता आले आणि खाली चरक, बैल, रस, काहिल. दोन्हीकडे ओढणारा ५५.३ सोडला, त्याचा विचार पुढे केला आहे, तर एकही शब्द सामाईक नव्हता, तेव्हा ही रेघ भक्कम. मराठीत ही मोजणी करताना सामान्यरूपाची जाण हवी. “रस”, “रसाला”, “रसांत” हा एकच शब्द, आणि “काहिल”, “काहिलीत” हाही एकच. शिवाय लेखक दोन ठिकाणी काहिलीला “कढई” म्हणतो, तेही एकच धरावे. संगणकावर शोधून मोजणाऱ्याला हे सगळे वेगवेगळे शब्द दिसतात आणि नसलेली सीमा भासते.

दुसरी तपासणी लेखकाच्या स्वतःच्या खुणांची. “येथवर”, “याप्रमाणे”, “आता”, “दुसरी गोष्ट अशी की” हे शब्द जुने गद्यलेखक वळणावर हटकून वापरतात. पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नये. “आता” कधी वळण दाखवतो, तर कधी केवळ “हल्लीच्या काळी” एवढाच त्याचा अर्थ असतो. सर्वांत जास्त फसवतो तो “असो”. नवख्याला वाटते की “असो” म्हणजे विषय संपला, पुढे नवा विषय. आमच्या प्रकरणात उलट होते. पृष्ठ ७० वर अडत आणि तोलाई यांचे वर्णन चालू असताना लेखकाला शाहूपुरी पेठेची आठवण झाली आणि राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली ही पेठ कशी वसवली, याची हकिगत त्याने जवळजवळ दोन पाने सांगितली. मग ७२.२ ची सुरुवात “असो. तर तोलाईचा दर” अशी केली. येथे “असो” आडवाटेवरून मूळ रस्त्यावर परत आणतो, आणि तेथे रेघ मारली तर एकच विषय दोन तुकड्यांत फाटतो.

आडवाट आणि नवा विषय यांतला फरक ओळखण्याची सोपी कसोटी अशी की मधला मजकूर बोटाने झाकून अलीकडचे आणि पलीकडचे वाक्य जोडून वाचावे. पलीकडच्या वाक्यात जुनी वस्तू नव्याने ओळख न करून देता आली असेल, जशी येथे “तोलाई” आली, तर मधला मजकूर ही आडवाट. क्रियापदांकडेही लक्ष द्यावे. पेठेची हकिगत सुरू होताच “तोलतात, देतात, घेतात” ही रीतिवर्णनाची रूपे जाऊन “वसवली, दिली, आले” अशी भूतकाळी रूपे आली होती, आणि “असो” नंतर पुन्हा “तोलतात” आले. काळ बदलून पुन्हा पहिल्यासारखा होतो तेव्हा बहुधा आडवाटच असते. ही दोन पाने स्वतंत्र भाग करावीत असे भाचीला वाटत होते, कारण पेठेचा इतिहास शोधणारे वाचक पुष्कळ. तिचे कारण योग्य होते, पण त्यासाठी भाग पाडण्याची गरज नव्हती. त्या भागाच्या सारांशात आडवाटेचा उल्लेख पृष्ठांकासह केला की शोधणाऱ्याला ती सापडते आणि लेखकाचा ओघही अखंड राहतो.

तिसरी अडचण पुलासारख्या परिच्छेदांची. ५५.३ हा तसा परिच्छेद आहे. त्याची सुरुवात तोडणीच्या दिवसाने होते आणि शेवट गुळाच्या गुणाने. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातील साखरेचे विघटन होऊ लागते आणि अशा रसाचा गूळ घट्ट बसत नाही, म्हणून तोडणी आणि गाळप यांत अंतर ठेवू नये, असे त्यात सांगितले आहे. शेवटचे वाक्य तर “आता चरकाकडे वळू” असेच आहे. हा परिच्छेद वरच्या भागात घालावा की खालच्या? शब्द पाहिले तर दोन्हीकडे ओढ बसते. प्रश्न पाहिला की निकाल लागतो: गुळाचा उल्लेख केवळ कारण म्हणून आला आहे, सल्ला मात्र तोडणीचाच आहे. म्हणून तो वरच्या भागात राहिला आणि वळण सांगणारे शेवटचे वाक्यही तेथेच राहिले. एका वाक्यासाठी परिच्छेद फोडू नये. पुढच्या विषयाची हाक मागच्या भागाच्या शेवटी आली म्हणून वाचकाचे काही अडत नाही.

परिच्छेद फोडावा लागतो तो एकाच परिस्थितीत. जुन्या पुस्तकांत दोन-दोन, तीन-तीन पानांचे अखंड परिच्छेद असतात. ७६.२ हा पृष्ठ ७६ वर सुरू होऊन ७९ च्या मध्यापर्यंत वाहत होता. त्याचा पूर्वार्ध “गुळाचा भाव पेठेत कसा ठरतो” याचे उत्तर देतो आणि उत्तरार्ध “शेतकरी दरवर्षी त्याच अडत्याकडे का जातो” याचे. येथे शब्दांची तपासणी पूर्णपणे फसली, कारण दोन्हीकडे अडत्या, शेतकरी, रुपये, रवे हेच शब्द होते. नोंदवहीत परिच्छेदासमोर एकच ओळ लिहायची हा आमचा नियम होता, पण येथे एका ओळीत प्रश्न मावेना, तेव्हाच संशय आला. असा प्रश्न मावत नाही ही परिच्छेदाच्या पोटात सीमा दडल्याची खूण समजावी. पृष्ठ ७८ वर “पण ही उचल” या शब्दांनी सुरू होणाऱ्या वाक्यावर आम्ही रेघ मारली आणि नोंद “७६.२ मध्ये, पृष्ठ ७८, ‘पण ही उचल’ पासून” अशी केली. परिच्छेदाच्या मध्ये सीमा असेल तेव्हा वाक्याचे पहिले दोन-तीन शब्द लिहून ठेवणे आवश्यक आहे, नाहीतर दुसऱ्याला ती जागा सापडत नाही.

परत मिळालेल्या पृष्ठ ६२ आणि ६३ वर काय होते? मळी काढणे, भेंडीचे चिकट पाणी घालून रस स्वच्छ करणे, पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी होते का ते पाहणे आणि मग काहिल वाफ्यात ओतणे, हे सर्व ६३.२ पर्यंत होते. ६३.३ पासून थंड झालेल्या गुळाचे रवे, त्यांचा रंग आणि साठवण यांचा विषय सुरू होतो. म्हणजे खरी सीमा नेमकी गळलेल्या पानावरच होती, आणि गूळ करण्याच्या कृतीतला सर्वांत नाजूक टप्पाही त्याच पानावर होता.

भाग किती असावेत, याचा ठरावीक आकडा नाही. मी दोन कसोट्या लावतो. भागाचा मथळा “व” किंवा “आणि” न घालता देता येत नसेल तर भाग कदाचित मोठा झाला आहे. दोन शेजारच्या भागांचे मथळे जवळजवळ सारखेच होत असतील तर ते एकच आहेत. या कसोट्यांवर आमच्या अकरा कच्च्या रेघांपैकी पाच टिकल्या आणि सहा भाग झाले. सर्वांत लहान भाग जेमतेम चार पानांचा आणि सर्वांत मोठा जवळजवळ अकरा पानांचा झाला. भाग समान लांबीचे दिसावेत म्हणून सीमा सरकवू नये.

मथळे

मथळा लेखकाचा नसून आपला आहे हे वाचकाला दिसायला हवे, म्हणून तो चौकोनी कंसात द्यावा. मथळ्यात मोठ्या प्रश्नातील शब्द यावेत, आणि शक्यतो ते लेखकाने स्वतः वापरलेले असावेत. “गुळाविषयी अधिक माहिती” हा मथळा सहाही भागांना बसतो, म्हणून तो एकालाही उपयोगाचा नाही. “गुऱ्हाळ” हा बरा आहे, पण साठवणही गुऱ्हाळातच होत असल्याने तो पुढच्या भागावरही सांडतो. आम्ही [चरकापासून वाफ्यापर्यंत: रसाचा गूळ कसा होतो] असा ठेवला, कारण त्यात भागाची सुरुवात आणि शेवट दोन्ही टोके येतात. सर्व मथळे एकाखाली एक लिहून पाहावेत, आणि मजकूर न पाहणाऱ्या माणसाला “भेंडीचे पाणी कोणत्या भागात सापडेल” असे विचारावे. तो अडखळला तर मथळा बदलावा.

सारांश

सारांश दोन ते चार वाक्यांचा असावा. मथळा प्रश्न सांगतो, सारांशाने लेखकाचे उत्तर सांगावे. भाचीने तिसऱ्या भागाचा सारांश प्रथम असा लिहिला होता: “या भागात लेखकाने गूळ तयार करण्याच्या पारंपरिक पद्धतीची सविस्तर व उद्बोधक माहिती दिली असून गुळाचा रंग उजळ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पदार्थांचाही विचार केला आहे. एका काहिलीतून सुमारे दीडशे किलो गूळ निघतो.”

यातील पहिले वाक्य माहिती आहे असे सांगते, पण कोणती ते सांगत नाही. “सविस्तर” आणि “उद्बोधक” हे आपले अभिप्राय आहेत, ते काढावेत. रंग उजळ करण्याचा उल्लेख या भागात नव्हताच. आज गुऱ्हाळांवर हायड्रॉस पावडर टाकतात हे कोल्हापुरात कोणालाही ठाऊक असते आणि ती ओळखीची गोष्ट नकळत सारांशात उतरली. आपल्याच परिसराविषयीचे पुस्तक असले की हा धोका अधिक असतो, म्हणून सारांशातील प्रत्येक विधानासमोर परिच्छेदाचा क्रमांक पेन्सिलीने लिहावा आणि ज्याला क्रमांक मिळत नाही ते विधान खोडावे.

दीडशे किलोंचा दोष आणखी गंभीर होता. लेखकाने चार मण असे लिहिले आहे आणि भाचीने एक मण म्हणजे ३७ किलो धरून हिशेब केला. बंगाली मण तेवढा होता, पण मुंबई मण २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोंच्या आतबाहेर. लेखकाच्या मनात कोणता मण होता हे पुस्तकात कोठेही सांगितलेले नाही, आणि त्यावरून उत्तर जवळजवळ तिपटीने बदलते. जुनी मापे, जुने दर आणि जुनी गावांची नावे जशी छापली आहेत तशीच सारांशात ठेवावीत. दुरुस्त सारांश असा झाला:

[चरकापासून वाफ्यापर्यंत: रसाचा गूळ कसा होतो] पृष्ठ ५६.१ ते ६३.२
चरकातून निघालेला रस काहिलीत आटवताना जाळ प्रथम मोठा आणि शेवटी मंद ठेवावा, असे लेखक सांगतो. मळी वेळेवर काढणे आणि भेंडीचे पाणी घालणे यांवर गुळाची स्वच्छता अवलंबून असते, असे त्याचे मत आहे. पाकाची गोळी थंड पाण्यात घट्ट झाली की काहिल वाफ्यात ओततात. एका काहिलीतून चार मण गूळ निघतो, असा आकडा तो देतो.

रीत सांगताना “ओततात” आणि मत सांगताना “असे त्याचे मत आहे”, हा फरक जपावा. वाचक पुढे हाच सारांश उद्धृत करतो, तेव्हा पुस्तकातील मत त्याच्या हातात वस्तुस्थिती म्हणून जाऊ नये.

शेवटची तपासणी

प्रथम भागांच्या सीमा एकाखाली एक लिहून त्या सलग आहेत का पाहावे. आमच्या यादीत ४७.१ ते ५०.२, मग ५०.३ ते ५५.३, मग ५६.१ ते ६३.२, ६३.३ ते ६७.४, त्यानंतर ६८.१ पासून पृष्ठ ७८ वरील “पण ही उचल” च्या आधीपर्यंत, आणि तेथून पृष्ठ ८२ च्या शेवटापर्यंत असा क्रम आला. कोठेही परिच्छेद सुटलेला नाही आणि दोनदाही आलेला नाही. मग ज्याने आपल्या रेघा पाहिलेल्या नाहीत अशा एका वाचकाला कोरी छायाचित्रे देऊन त्याच्याकडून सीमा मागवाव्यात. आम्ही शेजारच्या एका निवृत्त शिक्षकांना विनंती केली. आमच्या पाचपैकी चार सीमा त्यांनी तेथेच दाखवल्या, पाचवी मात्र एक परिच्छेद पुढे. त्यांच्या मते ६३.३ हा परिच्छेद अजून गूळ तयार होण्याचाच भाग होता, कारण रवे घालेपर्यंत गूळ पुरा होत नाही. एका परिच्छेदाचे असे अंतर दोघे समजून वाचणारे असले तरी पडतेच आणि ते चूक मानू नये. पण सीमा दोन पानांपेक्षा जास्त हलली तर नोंदवहीतील प्रश्नच चुकला आहे असे धरून तो परिच्छेद पुन्हा वाचावा.

वाचता न आलेले शब्द सारांशात अंदाजाने भरू नयेत. पृष्ठ ८० चा खालचा कोपरा पुराच्या पाण्याने विरघळला होता आणि उचलीवरील व्याजाचा दर नेमका तेथे होता. सहाव्या भागाच्या सारांशात आम्ही “व्याजाचा दर पृष्ठ ८० वर दिला आहे, पण तो अवाच्य आहे” असे लिहिले आणि त्या कोपऱ्याचे जवळून घेतलेले वेगळे छायाचित्र `080-kopra.jpg` या नावाने सोबत ठेवले.